आरई वॉलने पोट काढलंय, सांध्यातून माती येतेय: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

पुणे परिसरातल्या उड्डाणपुलांच्या चढ-उतारावर, बायपासच्या भरावावर काँक्रीटच्या चौकोनी किंवा अधिक-चिन्हासारख्या पॅनेलच्या ज्या उभ्या भिंती, म्हणजे आरई वॉल, दिसतात, त्यांच्या देखभालीच्या कामात मी बरीच वर्षं आहे. पावसाळा सरता सरता फोन येतात आणि तक्रार जवळजवळ तीच असते. म्हणून साइटवरच्या ज्युनियर इंजिनियरसाठी, सुपरवायझरसाठी आणि अशा भिंतीलगत राहणाऱ्या सोसायट्यांसाठी हे एकदाच नीट लिहून ठेवतो.

लक्षणं

खालीलपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

पॅनेलच्या सांध्याखाली तांबूस किंवा राखाडी ओघळ दिसतात आणि भिंतीच्या पायथ्याशी बारीक मातीचा छोटा ढीग साचतो. एखाद्या ठिकाणी दोन-चार पॅनेल मिळून बाहेर आलेली वाटतात, म्हणजे भिंतीने पोट काढलेलं असतं. वर रस्त्यावर, क्रॅश बॅरियरच्या आतल्या कडेला डांबर खचून लांबट खोलगट पट्टा तयार होतो आणि पाऊस थांबल्यावरही तिथे पाणी उभं राहतं. सांध्यातून पिंपळाची किंवा उंबराची रोपं आलेली असतात. या रोपांकडे दुर्लक्ष करू नका. ती उन्हाळ्यातही हिरवी राहत असतील, तर त्या सांध्यामागे बारमाही ओल असू शकते.

आधी भिंत उभी कशी राहते ते समजून घ्या

हे समजलं नाही तर दुरुस्ती उलटी होते, आणि बहुतेक वेळा तसंच होताना मी पाहिलंय. समोर दिसणारं पॅनेल साधारण १५ ते १८ सेंटीमीटर जाडीचं असतं. सात मीटर उंच भराव ते एकटं रोखूच शकत नाही. भराव रोखतो तो भरावच. त्यात ठरावीक अंतरावर आडवे जिओग्रिड, म्हणजे प्लास्टिकच्या मजबूत जाळ्या अंथरलेल्या असतात, किंवा पोलादी पट्ट्या असतात. ही पट्ट्यांची पद्धत फ्रान्सच्या हेन्री विदाल यांनी १९६० च्या दशकात पुढे आणली, जिओग्रिड नंतर आले. माती बाजूला पसरू पाहते, तेव्हा कणांचं आणि ग्रिडचं घर्षण तिला धरून ठेवतं आणि तो ताण ग्रिडमध्ये जातो. ग्रिडचं मागचं टोक शांत, न सरकणाऱ्या मातीत दाबलेलं असतं, म्हणून ते सुटत नाही.

ही पकड वरच्या वजनावर अवलंबून असते. धान्याच्या पोत्यांची थप्पी लावताना मध्ये सुतळी ठेवली, तर वरच्या एका पोत्याखालची सुतळी हाताने ओढून निघते, दहा पोत्यांखालची तुटेल पण निघणार नाही. भिंतीतही तसंच आहे. खालच्या ग्रिडवर ताण जास्त, पण पकडही भक्कम. वरच्या ग्रिडवर ताण कमी, पण पकडही कमी.

आता सात मीटर उंचीची भिंत घेऊन आकडे पाहू. मातीचा घर्षण कोन ३० अंश आणि वजन दर घनमीटरला २० किलोन्यूटन धरू. सरकू पाहणारा मातीचा तुकडा पायथ्यापासून ६० अंशाच्या तिरप्या रेषेने वर जातो आणि माथ्यावर भिंतीपासून साधारण ४ मीटरवर निघतो. ग्रिडची लांबी उंचीच्या किमान ०.७ पट ठेवण्याची रीत आहे, म्हणजे ४.९ मीटर. याचा अर्थ सगळ्यात वरच्या ग्रिडचं जेमतेम ९० सेंटीमीटर टोक स्थिर मातीत उरतं. म्हणून चांगला डिझायनर वरचे थर थोडे लांब देतो. हे ४ आणि ५ मीटरचे आकडे लक्षात ठेवा, पुढे रस्त्यावरच्या भेगा वाचताना लागतील.

पायथ्याशी कोरड्या भरावाचा आडवा दाब सुमारे ४७ किलोपास्कल येतो. ग्रिड ६० सेंटीमीटर अंतरावर असतील, तर तळाच्या ग्रिडच्या प्रत्येक मीटर रुंदीवर सुमारे २८ किलोन्यूटन ताण. आता समजा निचरा तुंबला आणि तळापासून ३ मीटर उंचीपर्यंत पाणी साचलं. पाण्याचा स्वतःचा दाब तळाशी जवळपास ३० किलोपास्कल. पाण्याखालची माती तरंगल्यासारखी हलकी होते, त्यामुळे मातीचा वाटा ४७ वरून ३८ वर येतो, पण दोन्ही मिळून ६८ होतात. ग्रिडवरचा ताण २८ वरून ४० च्या वर जातो. आणि नेमक्या त्याच वेळी, वजन हलकं झाल्यामुळे ग्रिडची पकड साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होते. पाणी एकीकडून ढकलतं आणि दुसरीकडून मूठ सैल करतं. म्हणून या भिंतींच्या मागे किमान ६० सेंटीमीटर रुंदीचा खडीचा निचरा थर असतो आणि सांधे मुद्दाम उघडे असतात. त्यांच्यामागे फक्त जिओटेक्स्टाइलची पट्टी असते, जी पाणी सोडते आणि माती अडवते.

पहिली तपासणी: पावसात उभं राहा

खर्च शून्य. रेनकोट घाला, जोराच्या सरीत वर जाऊन क्रॅश बॅरियरच्या कडेने चाला. वाहतुकीची काळजी घेऊनच, एकटे नको, मागे झेंडा घेऊन माणूस हवा.

पाणी कुठे जातंय ते पाहा. बॅरियरच्या तळाशी पाणी बाहेर काढणारे स्पाउट असतात. दर काही वर्षांनी रस्त्यावर डांबराचा नवा थर चढतो, जुना खरवडून काढला जात नाही आणि स्पाउटचं तोंड अर्धं किंवा पूर्ण बुजतं. मग सगळं पाणी बॅरियरच्या कडेने वाहत जातं आणि डांबर व काँक्रीटमधल्या फटीतून थेट भरावात उतरतं. मला सापडलेल्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच होतं. पुलाचा एक्स्पान्शन जॉइंट गळत असेल तर त्याचं पाणीही शेवटच्या पॅनेलमागे जातं, म्हणून पुलाला लागून असलेला पहिला दहा मीटरचा भाग वेगळा पाहा.

मग खाली या. निचरा थराच्या तळाशी छिद्रांचा पाइप असतो आणि ठरावीक अंतरावर त्याची तोंडं बाहेर निघतात. सर्व्हिस रोडची पातळी वाढलेली असते, फुटपाथ नव्याने केलेला असतो किंवा कोणीतरी रात्रीत राडारोडा टाकलेला असतो, आणि ती तोंडं गाडली गेलेली असतात. मुसळधार पावसानंतर तासाभराने एकाही तोंडातून थेंब येत नसेल, तर भिंत कोरडी आहे असं समजू नका. पाणी आत अडकलंय असं समजा आणि तोंडं शोधून मोकळी करा.

दुसरी तपासणी: सांध्यातून काय येतंय

सांध्यातून स्वच्छ पाणी झिरपत असेल तर भिंत तिचं काम करतेय, तिला हात लावू नका. गढूळ पाणी येत असेल तर पाण्याच्या पारदर्शक बाटलीत ते भरून घ्या आणि सावलीत ठेवा. वाळू मिनिटभरात तळाशी बसते. गाळाचे कण बसायला तास लागतात. दुसऱ्या दिवशीही पाणी धूसर असेल तर भरावात चिकणमाती आहे.

हे महत्त्वाचं का, तर या भरावासाठी माती निवडून घ्यावी लागते. रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांप्रमाणे ७५ मायक्रॉन चाळणीतून जाणारा बारीक भाग १५ टक्क्यांपेक्षा कमी आणि मातीचा चिकटपणा दाखवणारा प्लास्टिसिटी इंडेक्स ६ पर्यंतच चालतो. आपल्याकडचा चांगला, टणक मुरूम किंवा क्रशरचा निवडलेला माल यात बसतो. पण मुरमाच्या खाणीत वरचा थर पिवळसर, कुजलेल्या खडकाचा असतो आणि त्यावर काळी माती असते. घाईत तो मालही गाडीत येतो. असा भराव कोरडा असताना दगडासारखा वाटतो, पाणी मुरलं की लोण्यासारखा मऊ होतो. शिवाय त्यातून पाणी लवकर निघत नाही, म्हणजे वर मांडलेलं तीन मीटर पाण्याचं गणित कागदावरचं राहत नाही.

बाटलीत फक्त वाळू आणि थोडा गाळ असेल तर बहुधा जिओटेक्स्टाइलची पट्टी फाटलेली किंवा त्या सांध्याला लावायचीच राहिलेली असते. हा दोष स्थानिक असतो आणि दुरुस्त होतो. चिकणमाती असेल तर प्रश्न मोठा आहे, तो सांध्यापुरता नाही.

इथे एक कळकळीची विनंती. माती येतेय म्हणून सांधे बाहेरून सिमेंट मॉर्टरने किंवा सीलंटने बंद करू नका. माती दिसायची थांबते, सगळ्यांना बरं वाटतं आणि आत पाण्याची पातळी चढू लागते. तसंच पॅनेलला भोक पाडून मागे सिमेंट ग्राउट दाबू नका. निचऱ्याची खडी कायमची बुजते, आणि पॉलिस्टरच्या जिओग्रिडला सिमेंटचा तीव्र अल्कधर्मी सहवास दीर्घकाळ मानवत नाही.

तिसरी तपासणी: ओळंबा, दोरी आणि वही

पोट दिसलं म्हणजे भिंत सरकतेय असं नाही. बांधतानाच जड रोलर पॅनेलच्या अगदी जवळ फिरवला, तर पॅनेल बाहेर ढकललं जातं आणि तसंच राहतं. पॅनेलपासून साधारण दीड मीटरच्या पट्ट्यात हलका रोलर किंवा प्लेट कॉम्पॅक्टरच वापरायचा असतो, तो याच कारणासाठी. असं जन्मजात पोट दिसायला वाईट, पण ते वाढत नाही. धोका आहे तो वाढणाऱ्या पोटाचा, आणि ते डोळ्यांनी कळत नाही, मोजूनच कळतं.

माथ्यावरून ओळंबा सोडा. दोरीपासून प्रत्येक पॅनेलच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, मोजलेल्या जागी रंगाचा ठिपका आणि नंबर टाका. मीटरला ५ मिलिमीटरपर्यंतचा फरक बांधकामात चालवून घेतात, म्हणजे सात मीटरला ३५. संशयित सांध्यांवर दोन्ही बाजूंना खुणा करून व्हर्नियरने अंतर घ्या. डांबराच्या भेगेच्या दोन्ही कडांना खिळे ठोकून त्यांमधलं अंतर लिहा. सकाळी लवकर, शक्यतो दर वेळी त्याच सुमारास मोजा, कारण उन्हाने काँक्रीटही थोडं फुगतं.

एक माप मेच्या शेवटी, मग पावसाळ्यात दर पंधरवड्याला, शेवटचं दिवाळीच्या आसपास. तारीख, पाऊस आणि माप एवढंच लिहा. ही वही नसेल तर पुढे येणारा तज्ज्ञही अंदाजच बांधणार.

याच वेळी वरच्या भेगेचं भिंतीपासूनचं अंतर टेपने घ्या. भेग बॅरियरपासून मीटरभराच्या आत असेल, तर बहुतेक वेळा पॅनेलमागची माती धुऊन गेल्याने तो भाग बसलाय. भेग ४ ते ५ मीटरवर, भिंतीला समांतर असेल तर ती ग्रिडच्या टोकाजवळची किंवा सरकू पाहणाऱ्या तुकड्याच्या कडेची असू शकते. ग्रिडचा भाग आणि मागचा साधा भराव वेगवेगळे बसल्यानेही तिथे बारीक भेग येते, म्हणून भेग दिसली की घाबरू नका. पण भेगेच्या दोन्ही बाजूंत उंचीचा फरक पडला असेल, तर पुढच्या तपासण्या सोडा आणि थेट शेवटच्या भागावर या.

चौथी तपासणी: पायथा आणि इतरांचं खोदकाम

पॅनेलची सगळ्यात खालची ओळ एका अरुंद, बिनसळईच्या काँक्रीट पट्टीवर बसते. तिला लेव्हलिंग पॅड म्हणतात. ती जमिनीखालीच असायला हवी. पावसाळी गटारासाठी किंवा केबलसाठी भिंतीलगत चर खणला गेला आणि ही पट्टी उघडी पडली, तर भिंतीचा पायाच मोकळा होतो. चर लगेच भरून कुटून घ्या.

वरच्या बाजूलाही विचारपूस करा. बॅरियरच्या आतून केबलचा चर गेला का, आडवं ड्रिलिंग झालं का, भरावातून पाण्याची लाइन जाते का. चर खणताना वरचा ग्रिड कापला गेला, तर कापणाऱ्याला तो हिरवी-काळी जाळी एवढाच वाटतो. पाण्याच्या लाइनची शंका असेल तर सोपी खूण आहे: उन्हाळ्यात भिंत ओली राहते आणि पाणी सोडण्याच्या वेळेनंतर ओल वाढते.

एक प्रकरण

बायपासच्या बाजूची एक भिंत, सर्वांत उंच जागी सात मीटरच्या आसपास. तक्रार होती गढूळ ओघळांची. आधी कोणीतरी खालच्या तीन ओळींचे सांधे मॉर्टरने भरले होते. पुढच्या पावसात त्याच्या वरच्या ओळीतून माती यायला लागली आणि चौथ्या ओळीत पोट दिसू लागलं. ओळंब्याला ते ४० मिलिमीटरच्या वर होतं. वर बॅरियरच्या कडेने डांबर खचलेलं, हातोडीने ठोकल्यावर बॅरियरला जोडलेल्या, रस्त्याखालच्या फ्रिक्शन स्लॅबखाली पोकळ आवाज. चार मीटरवर भेग नव्हती, पायथा शाबूत होता. बाटलीत वाळू आणि गाळ, दुसऱ्या दिवशी वरचं पाणी नितळ. या तीन गोष्टींमुळे धीर आला: भराव बरा होता, पूर्ण भिंत सरकत नव्हती. प्रश्न एवढाच होता की पॅनेलमागे पोकळी होती आणि पाणी कोंडलं होतं.

पावसातच दोन कामं केली. स्पाउटच्या तोंडाशी चढलेलं डांबर खरवडून पाणी मोकळं केलं, आणि खालच्या ओळींतलं मॉर्टर हाताने, छिन्नीने काढलं. पहिले काही तास गढूळ पाणी जोरात आलं, मग नितळ होत गेलं. मशीन वापरलं नाही, कारण धक्क्याने पॅनेलची कडा फुटते. पाठोपाठ राडारोड्याखालची निचऱ्याची तोंडं सापडली. बॅरियरलगतची फट बिटुमिनस सीलंटने भरायचं काम मात्र कोरडा दिवस पाहूनच केलं, ओल्या फटीत सीलंट धरत नाही.

पोकळीचं काम थंडीपर्यंत थांबवलं आणि भिंतीच्या डिझायनरला बोलावलं. त्यांच्या देखरेखीखाली एक लेन बंद करून खचलेल्या लांबीतला बॅरियर आणि फ्रिक्शन स्लॅब तुकड्यातुकड्याने काढला, हाताने खोदलं, ड्रॉइंगमधल्या पहिल्या ग्रिडच्या वीतभर वर थांबलो. उघड्या सांध्यांमागे नवीन जिओटेक्स्टाइल दोन्ही बाजूंना भरपूर पुढे नेऊन लावलं, पोकळी धुतलेल्या २० मिलिमीटर खडीने भरली आणि स्लॅब परत ओतला. पॅनेल मागे ओढायचा प्रयत्न कोणी केला नाही, करूही नये. जोडणीवर त्याचा ताण येतो. पुढच्या पावसाळ्यात वहीतली मापं दोन मिलिमीटरच्या आत राहिली, म्हणजे मोजण्यातल्या चुकीइतकीच.

इथे थांबा आणि तज्ज्ञाला बोलवा

भरावाचे नमुने घेणं, पॅनेलमागे खोदणं, ड्रिल मारणं, सॉइल नेल किंवा अँकर घालणं, यातलं काहीही ठेकेदाराच्या पातळीवर सुरू करू नका. ग्रिड कुठे आहे ते माहीत नसताना पहारीचा एक घावही नुकसान करतो. बाटलीत चिकणमाती निघाली असेल तर इथेच थांबा आणि जिओटेक्निकल इंजिनियरला द्या, कारण त्या भरावाची ताकद नव्याने तपासून पूर्ण डिझाइन पुन्हा मांडावं लागतं.

काही लक्षणांत तर त्याच दिवशी हालचाल करावी लागते. दोन मापांच्या मध्ये पोट १० मिलिमीटरने वाढलं (हा माझा व्यवहारातला आकडा आहे, कोडमधला नव्हे). रस्त्यावरच्या समांतर भेगेच्या दोन बाजूंत पायरी पडली. पॅनेलचा कोपरा फुटून मागची जाळी दिसू लागली किंवा पॅनेल खाली घसरलं. पायथ्यापुढची जमीन उचलली गेली. मातीचा लोंढा अचानक वाढला, किंवा ओसंडून वाहणारं पाणी एकदम बंद झालं आणि पाऊस चालूच आहे.

अशा वेळी वरची कडेची लेन बंद करा. खाली भिंतीच्या पायथ्यापासून किमान तिच्या उंचीइतक्या अंतरात माणसं, टपऱ्या, उभ्या गाड्या राहू देऊ नका. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ वर कळवा, नाहीतर तो रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्या महापालिकेला किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाला. पाण्याच्या लाइनची शंका असेल तर ती आधी बंद करवून घ्या.

तज्ज्ञ आले की त्यांच्या हातात द्या: मापांची वही, भेगांची अंतरं दाखवणारा हाताने काढलेला नकाशा, गढूळ पाण्याची बाटली तारखेसकट, मिळालं तर बांधकामाचं ड्रॉइंग आणि भरावाचे जुने चाचणी अहवाल. ड्रॉइंगमध्ये ग्रिडची लांबी आणि थरांची पातळी असलेलं पान सगळ्यात आधी शोधून ठेवा.